जिनिंगचं मार्चमधलं कर्ज आणि जानेवारीतलं कर्ज

आमच्या वावराच्या धुऱ्याला धुरा लागून ज्यांचं वावर आहे, ते काका गेल्या हंगामात संध्याकाळी घरी आले. साठ क्विंटल कापूस घरात भरलेला. तालुक्याच्या रस्त्यावरचा जिनिंगवाला, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचा मालक, म्हणत होता, कापूस आत्ता टाका, चुकारा दोन महिन्यांनी घ्या, क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त देतो. काकांचा प्रश्न साधा होता : "देऊ काय, भाऊ? मानूस बरा वाटते, पण त्याच्यावर बँकेचं किती हाये, हे कसं समजन?"

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि त्यातली बहुतेक जिनिंग-प्रेसिंगच्या सीसी, म्हणजे माल तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायच्या कॅश क्रेडिट खात्याच्या, फायलींत गेली. तेव्हा जे करायचो, तेच त्या रात्री काकांसोबत बसून केलं. एखादी कंपनी उसन्या पैशावर किती टेकली आहे, हे पाहायला दोन गुणोत्तरं पुरतात. एक कर्ज-भांडवल गुणोत्तर, म्हणजे डेट-इक्विटी रेशो. दुसरं इंटरेस्ट कव्हरेज, म्हणजे कमाईतून व्याज किती वेळा भागतं ते. दोन्हींचं सूत्र पाच मिनिटांत समजतं. पण जिनिंगच्या धंद्यात ते सूत्र ३१ मार्चच्या आकड्यांवर तसंच लावलं, तर माणूस हमखास फसतो. कसा, ते एका हिशेबातून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण त्यांची ठेवण मी अनेक फायलींत पाहिलेली आहे.

आधी कागद मिळवा

जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर तिचा ताळेबंद तुम्हाला बाहेरून पाहता येतो. भागीदारी किंवा एकट्या मालकाची पेढी असेल, तर तो कुठेही उघडा नसतो. आपल्याकडे अशा पेढ्या भरपूर आहेत. त्यांच्या बाबतीत पुढचा हिशेब मालकाने स्वतःहून कागद दाखवले तरच होईल.

कंपनी असेल तर www.mca.gov.in वर जा, लॉगिन करून `View Public Documents` उघडा आणि कंपनीचं नाव टाका. १०० रुपये फी भरली की त्या कंपनीने भरलेले कागद पाहता येतात. त्यात `AOC-4` हा फॉर्म शोधा. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि मागच्या टिपा त्याला जोडलेल्या असतात. त्याच संकेतस्थळावर `Index of Charges` फी न भरता दिसतो. कंपनीची मालमत्ता कोणत्या बँकेकडे किती रकमेसाठी गहाण आहे, ते त्यात असतं. ही रक्कम लिहून ठेवा, पुढे लागेल.

एक गोष्ट वेळेची. मार्चअखेरचा ताळेबंद बहुधा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत भरला जातो, कारण वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आणि फॉर्म त्यानंतर तीस दिवसांत. म्हणजे दिवाळीच्या सुमारास, नवा कापूस निघत असताना, तुमच्या हाती मागच्या हंगामाचा हिशेब येतो. तो त्याहून ताजा मिळणार नाही. दोन-दोन वर्षांचे फॉर्मच भरलेले नसतील, तर मी पुढे हिशेब करत बसत नाही आणि उधारीवर माल देऊ नका म्हणून सांगतो.

पहिलं गुणोत्तर : कर्ज किती, स्वतःचं किती

ताळेबंदाच्या पहिल्या भागात कंपनीकडे पैसा कुठून आला ते लिहिलेलं असतं. सगळ्यात वर भागभांडवल आणि त्याखाली 'रिझर्व्ह्ज अँड सरप्लस', म्हणजे आजवर कमावून कंपनीतच ठेवलेला नफा. या दोघांची बेरीज म्हणजे मालकांचा स्वतःचा पैसा. आपल्या उदाहरणात भागभांडवल १२० लाख आणि साठवलेला नफा १८० लाख, मिळून ३०० लाख. साठवलेल्या नफ्याच्या टिपेत 'रिव्हॅल्युएशन' असा शब्द दिसला, तर तेवढी रक्कम वजा करा. जमिनीची किंमत कागदावर वाढवली म्हणून कंपनीत नवा पैसा येत नाही.

आता कर्ज. ते दोन ठिकाणी लिहिलेलं असतं आणि नवा माणूस एकच ठिकाण पाहतो. 'लाँग-टर्म बॉरोइंग्ज'मध्ये यंत्रांसाठी घेतलेलं मुदत कर्ज असतं. 'शॉर्ट-टर्म बॉरोइंग्ज'मध्ये सीसी असते आणि मुदत कर्जाचा येत्या वर्षभरात फेडायचा हिस्साही असतो. जिनिंगचं खरं वजन या दुसऱ्या ठिकाणी असतं, कारण कापूस सीसीतूनच विकत घेतला जातो.

आपल्या कंपनीत लाँग-टर्ममधलं मुदत कर्ज ११० लाख, त्याखेरीज या वर्षी फेडायचा हिस्सा ३० लाख, सीसी १४० लाख, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांनी दिलेलं बिनतारण कर्ज ९० लाख. एकूण ३७० लाख.

```
कर्ज-भांडवल गुणोत्तर = एकूण कर्ज ÷ स्वतःचा पैसा
                     = ३७० ÷ ३०० = १.२३
```

मालकाच्या एका रुपयामागे सव्वा रुपया उसना. कारखानदारीत हे कुणाला जड वाटणार नाही. २०२१ पासून कंपनीला हे गुणोत्तर स्वतः टिपेत छापावं लागतं आणि ते मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही लिहावं लागतं. छापलेला आकडा तुमच्या आकड्याशी जुळत नसेल, तर बहुधा संचालकांचं कर्ज वगळलेलं असतं.

या ९० लाखांवर जरा थांबलं पाहिजे. बँका पुष्कळदा ही रक्कम मालकाच्याच पैशात धरतात, कारण आमचं कर्ज फिटेपर्यंत ती काढणार नाही असं संचालकांकडून लिहून घेतलेलं असतं. तसं धरलं तर कर्ज २८० आणि स्वतःचा पैसा ३९० होऊन गुणोत्तर ०.७२ वर येतं. मी मात्र बाहेरच्या माणसासाठी ते कर्जातच धरतो आणि त्याच टिपेत मागच्या वर्षाचा आकडा पाहतो. समजा तो १३० लाख होता. मग वर्षभरात घरच्यांनी ४० लाख बाहेर काढले. मुलीचं लग्न असेल, दुसरीकडे प्लॉट घेतला असेल, कारण काहीही असो. ज्यांना धंदा आतून माहीत आहे तेच आपला पैसा काढत असतील, तर मी त्याची नोंद वहीत वरच्या ओळीत करतो.

मार्चचा आकडा का फसवतो

काकांना हे सगळं समजावून झालं आणि त्यांनी एका वाक्यात नस पकडली : "पन आमचा कापूस तं जानेवारीत जाते. मार्चचा हिशेब घेऊन मी काय करू?"

अगदी बरोबर. दसरा-दिवाळीपासून कापूस येऊ लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी आवक जोरात असते. जिनिंगवाला रोज सीसीतून पैसे उचलतो, चुकारे करतो आणि गाठी रचत जातो. मार्चपर्यंत बऱ्याच गाठी आणि सरकी विकून सीसी खाली आणतो. काही जण तर मार्चअखेर ताळेबंद हलका दिसावा म्हणून शेवटच्या आठवड्यात मुद्दाम गाठी विकतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचल करतात. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो असतो, आणि जिनिंगचा फोटो नेमका गर्दी ओसरल्यावर काढलेला असतो.

पण नफा-तोटा पत्रकातलं व्याज एका दिवसाचं नसतं. सीसीवर रोजच्या शिल्लक रकमेवर व्याज मोजलं जातं आणि ते वर्षभर साठत जातं. त्यामुळे कर्ज मार्चमध्ये कितीही खाली आणलं, तरी जानेवारीत किती होतं याचा माग व्याजात राहतो. मला या सगळ्या हिशेबातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते आणि ती करायला फक्त एक भागाकार लागतो.

'फायनान्स कॉस्ट'ची टीप उघडा. आपल्या कंपनीत एकूण ६३ लाख आहेत. त्यात मुदत कर्जाचं व्याज १६, सीसीचं ३६, संचालकांच्या कर्जाचं ८ आणि बँकेचे आकार ३ लाख. सीसीचा व्याजदर कर्जाच्या टिपेत बहुधा दिलेला असतो. नसेल तर १० टक्के धरून चला.

```
सीसीची वर्षभराची सरासरी = ३६ ÷ ०.१० = ३६० लाख
```

३१ मार्चला १४० लाख दिसणारी सीसी वर्षभर सरासरी ३६० लाख होती. आता जिनिंग वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात सीसी जवळपास रिकामी असते. म्हणजे हे व्याज साधारण सहा महिन्यांत लागलं असं धरलं, तर त्या सहा महिन्यांची सरासरी दुप्पट, ७२० लाख.

हा अंदाज आहे. तो पडताळून पाहायला मघाशी लिहून ठेवलेली गहाणाची रक्कम काढा. आपल्या उदाहरणात बँकेचा बोजा ११ कोटींचा आहे. त्यात मुदत कर्ज मूळचं २ कोटी, म्हणजे सीसीची मर्यादा ९ कोटींच्या आसपास. ९०० लाखांच्या मर्यादेत ७२० लाखांची हंगामी सरासरी बसते. अंदाज मर्यादेच्या वर गेला असता, तर सहा महिन्यांऐवजी आठ महिने धरून पुन्हा मोजावं लागलं असतं.

आणखी एक जागा आहे. बँकेला दर तिमाहीला दिलेलं मालाचं विवरण कंपनीच्या वह्यांशी जुळतं का, हे टिपेत सांगावं लागतं. जुळत नसेल तर फरक समजावून द्यावा लागतो आणि तिथे बहुधा तिमाहीवार तक्ता असतो. त्यातली डिसेंबरची ओळ मिळाली, तर हंगामातला माल किती होता ते थेट कळतं. तो फरक फार मोठा असेल, म्हणजे बँकेला जास्त माल दाखवला आणि वह्यांत कमी असेल, तर ती गोष्ट गुणोत्तरापेक्षाही गंभीर आहे.

आता पुन्हा पहिलं गुणोत्तर, पण हंगामातलं. मुदत कर्ज १४०, सीसी ७२०, संचालकांचं ९०, एकूण ९५० लाख.

```
हंगामातलं गुणोत्तर = ९५० ÷ ३०० = ३.१७
```

मार्चमध्ये सव्वा, आणि काकांचा कापूस आत जातो त्या दिवशी तीनच्या वर. यात लबाडी आहेच असं नाही. जिनिंगचा धंदाच असा हंगामी आहे. पण उधारी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाने ३.१७ कडे पाहायचं, १.२३ कडे नाही.

ज्या कर्जाला व्याज नाही

काकांनी कापूस टाकला की तेही जिनिंगचे सावकार होतात. फक्त त्यांचं येणं 'बॉरोइंग्ज'मध्ये दिसत नाही, ते 'ट्रेड पेयेबल्स'मध्ये जातं, आणि डेट-इक्विटी रेशोत ते धरलंच जात नाही. आपल्या कंपनीत मार्चअखेर अशी देणी ८५ लाख आहेत. टिपेत ती किती जुनी आहेत याचा तक्ता असतो. हंगामातले चुकारे मार्चपर्यंत संपलेले असायला हवेत. एक वर्षाहून जुन्या रकान्यात आकडा असेल, तर कुणाचे तरी पैसे आधीच अडकलेले आहेत. तो वाद असेल किंवा तंगी असेल, पण तसं दिसलं की गावात विचारपूस करा.

मालक चांगला आहे म्हणून हे येणं सुरक्षित होत नाही. गोदामातला माल बँकेकडे गहाण असतो. काकांचा कापूस वजनकाट्यावरून आत गेला आणि त्याची मालकी बदलली, की त्या कापसावरही बँकेचा हक्क पहिला लागतो. कंपनी बुडाली तर तारण असलेली बँक आधी, आणि काकांसारखे बिनतारण लोक बरेच मागे. क्विंटलमागचे दोनशे रुपये म्हणजे साठ क्विंटलचे बारा हजार. काका त्याच्यासाठी चार लाखांहून जास्त रक्कम दोन महिने विनातारण देणार होते.

दुसरं गुणोत्तर : कमाईतून व्याज किती वेळा भागतं

कर्ज जास्त असणं वेगळं आणि ते न पेलणं वेगळं. पेलतं का, हे दुसरं गुणोत्तर सांगतं. करपूर्व नफा घ्या, त्यात फायनान्स कॉस्ट परत मिळवा आणि त्या बेरजेला फायनान्स कॉस्टने भागा. आपल्या कंपनीचा करपूर्व नफा ४५ लाख.

```
इंटरेस्ट कव्हरेज = (४५ + ६३) ÷ ६३ = १०८ ÷ ६३ = १.७१
```

भागाकार करण्याआधी 'अदर इन्कम'ची टीप वाचायची सवय लावा. इथे त्यात जुनी प्रेस विकल्याचा १४ लाखांचा नफा आहे. प्रेस दरवर्षी विकता येत नाही, म्हणून तो काढून टाका. कमाई ९४ लाख उरते आणि कव्हरेज १.४९ वर येतं.

काही जण घसाराही परत मिळवतात, कारण त्यात रोख पैसा जात नाही. मग आकडा बराच गोड दिसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात असा आकडा दिसला, तर तो कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी पाहा. जिनच्या मशिनी झिजतात आणि त्या बदलायला पैसा लागतोच, म्हणून मी घसारा खर्चातच ठेवतो. शिवाय या कव्हरेजमध्ये मुद्दलाची फेड धरलेली नाही. या कंपनीला वर्षभरात ३० लाख मुद्दलही द्यायचं आहे, आणि व्याज दिल्यावर हातात ३१ लाख उरतात. त्यातून कर गेला की मुद्दलाला कमी पडतं. ती तूट घसाऱ्यापोटी बाजूला राहिलेल्या रोख रकमेतून भागवावी लागते, मग मशिनी बदलायला काय उरणार?

१.४९ हा आकडा चांगला की वाईट, ते त्याच्या मागच्या मालावर ठरतं. व्याजाच्या वर उरणारे ३१ लाख हाच कंपनीचा धक्का सोसायचा आधार. हंगामात तिच्याकडे किमान ७२० लाखांचा माल पडलेला असतो. ३१ ला ७२० ने भागा, ४.३ टक्के येतात. म्हणजे रचून ठेवलेल्या मालाचा भाव एवढा उतरला, की वर्षाची कमाई जेमतेम व्याजापुरती उरते. रुईची खंडी ५५ हजारांना धरली, तर ही उतरण खंडीमागे साधारण २,४०० रुपयांची. भाव पाच टक्के पडला तर ३६ लाख जातात, कमाई ५८ लाखांवर येते आणि ६३ लाखांचं व्याज भागत नाही.

रुईचा भाव २,४०० रुपयांनी हलायला वेळ लागत नाही, हे इथल्या कुठल्याही कास्तकाराला सांगायला नको. मे २०२२ मध्ये खंडी एक लाखाच्या वर गेली होती आणि २०२३ संपताना ती साठ हजारांच्या खाली होती. त्या वर्षी चढ्या भावाने माल भरून बसलेल्यांचं काय झालं असेल, ते या भागाकारावरून लक्षात येईल. म्हणून जिनिंगमध्ये कव्हरेज दोनच्या खाली असेल, तर मी उधारीला नाही म्हणतो. सिमेंट किंवा दुधाच्या धंद्याला हा नियम जसाच्या तसा लावू नका.

कुणाशी तुलना करायची

एका जिनिंगचं गुणोत्तर दुसऱ्याशी ताडून पाहण्याआधी एक चौकशी करा : ती स्वतः कापूस विकत घेते, की सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, काम करते? सीसीआय हमीभावाने घेतलेला कापूस खाजगी जिनिंगकडून गाठी करून घेते. त्या कापसाचा मालक जिनिंगवाला नसतो, त्याला फक्त कामाचे पैसे मिळतात. त्याला सीसी फारशी लागत नाही, भाव पडला तर त्याचं नुकसान होत नाही, आणि दोन्ही गुणोत्तरं आपोआप देखणी दिसतात. सीसीआयची खरेदी ज्या वर्षी जोरात असते, त्या वर्षी त्याच कंपनीचं कर्ज उतरलेलं दिसेल आणि पुढच्या वर्षी ती स्वतः खरेदीला उतरली की पुन्हा चढेल. म्हणून शेजारच्या जिनिंगपेक्षा त्याच कंपनीची तीन वर्षं एकाखाली एक मांडा आणि दरवर्षी व्याजाला उलाढालीने भागून पाहा. उलाढाल तेवढीच आणि व्याज चढत असेल, तर माल अडकून पडतोय किंवा कंपनीची वसुली लांबतेय.

काकांच्या जिनिंगची तीन वर्षं आम्ही मांडली. आकडे या उदाहरणाहून थोडे बरे होते, पण संचालकांचं कर्ज तिन्ही वर्षं उतरत होतं आणि सीसीचं व्याज चढत होतं. काकांनी चाळीस क्विंटल रोख चुकाऱ्याने मार्केट यार्डात दिला. वीस घरीच ठेवला. जिनिंगवाल्याला त्यांनी सांगितलं, दोनशे रुपये जास्त नकोत, पण वीस क्विंटलचे पैसे त्याच दिवशी खात्यात टाकत असाल तर उद्या ट्रॅक्टर पाठवतो. तो म्हणाला, आठ दिवस थांबा. काकांनी ट्रॅक्टर पाठवला नाही.